रंगांध मुलाची आंब्याची गोष्ट लिहायची तर

एका मुलाला रंग नीट कळत नाहीत. कुणीतरी त्याला सांगतं, फळाचा वास घेऊन बघ. तो वास घेतो आणि त्याला पिकलेलं फळ ओळखता यायला लागतं. या विषयावरचे बहुतेक पहिले खर्डे एवढ्यावरच आटोपतात, कारण लिहिणाऱ्याने खूण एकच धरलेली असते आणि ती पहिल्याच फटक्यात बरोबर येते. प्रत्यक्षात वासही फसवतो, बोटंही फसवतात, आणि गोष्ट त्या फसण्यातच असते. ती लिहायची तर दोन गोष्टी आधी पक्क्या हव्यात. मुलाला नेमकं काय दिसतं, आणि निवडलेलं फळ दिवसागणिक कसं बदलतं. इथे उदाहरणाला दहा वर्षांचा सोहम घेतला आहे, लालबागच्या चाळीतली एक खोली, आणि कोकणातून मामाने आणलेली हापूसची पाच डझनांची पेटी.

आधी डोळा ठरवा

रंगांध म्हणजे काळं-पांढरं जग, हा समज गोष्टीत शिरला की पुढचं सगळं बिघडतं. तसा आजार असतो, पण फार विरळा, आणि त्यात उजेडही सहन होत नाही. नेहमी आढळतो तो लाल-हिरव्याचा दोष. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यातल्या लाल आणि हिरव्या भागासाठी असलेल्या दोन प्रकारांपैकी एक नसतो किंवा नीट काम करत नाही. निळा आणि पिवळा त्याला व्यवस्थित वेगळे दिसतात. गोंधळ होतो तो हिरवा, पिवळसर हिरवा, केशरी, तपकिरी या पट्ट्यात. हे सगळे त्याला कमी-जास्त उजळ, कमी-जास्त मळकट पिवळ्यासारखे दिसतात.

सोहमला हिरव्याकडचा दोष द्या. लालकडचा दिलात तर लाल रंग त्याला काळपट दिसेल आणि टोमॅटोची वेगळी गोष्ट लिहावी लागेल.

आता त्याला पेटीशी बसवा. कच्चा हापूस त्याला मळकट पिवळा दिसेल आणि पिकलेला जरा उजळ पिवळा. म्हणजे फरक अजिबात दिसत नाही असं नाही. चाळीच्या गॅलरीत सकाळच्या उन्हात दोन्ही शेजारी धरले तर कुठला उजळ ते तो सांगू शकेल. तोच आंबा एकटा हातात दिला तर नाही सांगता येणार, कारण ताडून बघायला दुसरा नाही. आणि पेटी असते खाटेखाली, अंधारात, गवतात, वरून ट्यूबलाइटची जेमतेम तिरीप. खोलीत चुकणारा मुलगा गॅलरीत अर्धवट बरोबर येतो, आणि घरच्यांना वाटतं हा मुद्दाम करतोय. हा गैरसमज तुम्हाला फुकट मिळतो. तो वापरा.

आणखी एक. अशी मुलं रंगांची नावं पाठ करतात. पान हिरवं, केळं पिवळं, बेस्टची बस लाल, हे सोहम न चुकता सांगेल, कारण त्याने ते ऐकलेलं आहे. त्यामुळे दहा वर्षांचा होईपर्यंत कुणाला पत्ता नसणं अगदी शक्य आहे. ठिपक्यांच्या चकत्यांतला आकडा ओळखायची इशिहारा चाचणी १९१७ पासून वापरात आहे. पण ती गोष्टीत आणायची तर शेवटाजवळ आणा, नाहीतर पहिल्याच पानावर निदान होतं आणि पुढे शोधायला काही उरत नाही.

मामाच का

या दोषाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स मिळतं ते आईकडून, वडिलांकडून वाय. म्हणजे सोहमचा दोष बाबांकडून, आजोबा-काकांच्या बाजूने आलेला असू शकत नाही. "आमच्या घरात काकालाही असंच होतं" हे वाक्य लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच थांबेल. आईला स्वतःला सहसा सगळे रंग दिसतात, ती फक्त वाहक असते. तिच्या भावाला मात्र हाच दोष असण्याची शक्यता खरीच मोठी असते.

मराठी घरात याहून सोयीचं काय हवं? मे महिन्यात आंबे घेऊन येणारा मामाच असतो. त्यालाही रंग कळत नाहीत, आणि तो देवगडकडे बागेत काम करतो. त्याने स्वतःच्या दोषाला कधी नाव दिलेलं नाही. त्याच्या आईने, म्हणजे सोहमच्या आजीने, लहानपणी त्याच्या हातून कच्चे आंबे कापले जातात म्हणून त्याला हातावर आणि नाकावर आणलं, एवढंच. मामाने सोहमला बसवून शिकवू नये. त्याने फक्त दोनदा हटकावं. "झिला, अंगठो लावू नको," आणि पुढे कधीतरी, "बघतंस काय? वास घे." एवढं पुरतं. मामाला सगळं ठाऊक आहे असं दाखवलंत की सोहमला चुकायला जागा उरत नाही.

फळ हापूसच का

चिकू घेतला तर गंमत निघून जाते. डहाणू-घोलवडचा चिकू कच्चाही तपकिरी आणि पिकलाही तपकिरी, तिथे डोळस माणूसही दाबूनच बघतो. एक बारीक फरक मात्र आहे. बाजारात सांगतात, साल नखाने जरा खरवडा, खाली हिरवं दिसलं तर कच्चा. सोहमला ते हिरवं दिसणार नाही. पण त्याच खरवडीतून कच्च्या चिकूचा चीक नखाला चिकट लागतो, तो त्याला कळेल. हा छोटा प्रसंग आधी कुठेतरी पेरून ठेवता येतो. केळ्यात मुंबईचा जुना सापळा आहेच. हिरव्या सालीचं केळं पिकूनही हिरवटच राहतं, त्यामुळे रंगावर जाणारा तिथे फसतो. कच्च्या केळ्याच्या धारा बोटाला कंगोऱ्यासारख्या लागतात, पिकताना त्या बोथट होऊन केळं गोल होतं.

हापूस वेगळा पडतो तो एवढ्यासाठी की त्याच्याबाबतीत घरातल्या प्रत्येकाचा रंगावर पूर्ण विश्वास असतो. "केशरी झालेला बघून काढ" असं आई सहज म्हणते. आणि आंबा चुकीचा काढला, कापला, की तो वाया. पाच डझनांत साठ आंबे, त्यातल्या एकेकाचा हिशेब घरात असतो.

पेटीचा पहिला दिवस

इथे दोन शब्द वेगळे ठेवा, कारण गोष्टीचा कळस त्यांच्यावर उभा आहे. तयार आंबा आणि पिकलेला आंबा. तयार म्हणजे झाडावर पूर्ण वाढलेला, काढल्यावर पिकेल असा. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले असतात, देठ त्यांच्यामध्ये थोडा खाली बसलेला असतो. कोवळ्या फळाचे खांदे देठाकडून उतरते असतात. तयार आंबा दिसायला हिरवाच असतो, आणि खांद्यांची ही खूण बोटांनीही कळते.

दुसरी खूण पाण्याची. तयार कैरी पाण्यात बुडते, कोवळी तरंगते. मामाने आल्या दिवशी मोरीत बादली भरून एकेक आंबा सोडावा. साठातले एकोणसाठ तळाशी जातात, एक तरंगत राहतो. मामा तो बाजूला ठेवायला सांगतो, पण नंतर कुणीतरी आवराआवरीत तो पुन्हा गवतात सरकवतं. सोहमने तो हाताळलेला आहे, देठाचा अर्धा इंचाचा तुकडा तिरपा मोडलेला आहे हे त्याच्या बोटांना आठवतं. वाचकाला हे इथे अगदी ओझरतं सांगा.

आंबे पाण्यातून काढले की फडक्याने कोरडे करूनच आढी लावायची. ओल राहिली तर देठाजवळून काळे डाग पडून फळ कुजतं. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा पेंढा, वर दुसरा थर. दोनाच्या वर थर नकोत, खालचे दबतात. चाळीत पेंढा कमी पडला तर वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या पानांवर निभावतात. फ्रिजमध्ये कच्चा आंबा ठेवायचा नाही. थंडीने त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते, सालीवर खड्डे पडतात आणि वास येतच नाही. ही चूक धाकट्या बहिणीकडून दोन आंब्यांवर करवून घेता येईल, पण एका गोष्टीत इतक्या चुका नकोत.

चुका कुठल्या क्रमाने

पहिली चूक अंगठ्याची. मऊ म्हणजे पिकलेला एवढं सोहमला कळतं, म्हणून तो रोज खेळून आल्यावर खाटेखाली हात घालतो आणि अंगठ्याने दाबून बघतो. त्या वेळी काहीच दिसत नाही. दाबलेल्या जागी सालीखालचा गर मोडतो आणि एक-दोन दिवसांनी तिथे तपकिरी, पाणावलेला डाग येतो. पाचव्या दिवशी आई आंबा कापते तर गालावर अंगठ्याएवढा डाग. दुसऱ्यातही तसाच, त्याच बाजूला. आई काही बोलत नाही, फक्त स्वतःचा अंगठा त्या डागावर ठेवून मापते. डाग तिच्या अंगठ्याहून लहान आहे.

बरोबर पद्धत अशी. आंबा तळहातात घ्यायचा, चारही बोटं आणि तळवा मिळून एकसारखा, चेंडू धरल्यासारखा हलका दाब द्यायचा. कच्चा दगडासारखा लागतो. पिकायला लागलेला आतून किंचित सैल होतो, कारण आंबा कोयीकडून बाहेर पिकत येतो आणि सालीजवळचा गर शेवटी मऊ होतो. बाहेरून टोकाला हाताशी लिबलिबीत लागेपर्यंत थांबलात तर कोयीपाशी तो उतरायला लागलेला असतो. ही सैलपणाची जाणीव शब्दांत पकडणं अवघड आहे आणि खर्ड्यांत ती नेहमी गुळमुळीत होते. शेजारी कच्चा आंबा ठेवून सोहमला दोन्ही हातांत दोन देणं सोपं. उजव्या हातातला बोटांना परत ढकलतो, डावा ढकलत नाही.

दुसरी चूक वासाची, आणि इथे वेळ काढा, कारण सगळे लेखक इथेच घाईने जिंकतात. पेटीत एक आंबा पिकला की सगळ्या गवताला वास लागतो. सोहम हात घालून जो आंबा काढेल त्याला घमघमाट येणार, मग तो कच्चा का असेना. म्हणून आंबा गवतापासून दूर न्यायला हवा. गॅलरीत, वाऱ्यावर, थोडा वेळ ठेवून मग देठाशी नाक न्यायचं. सालीला वास कमी, देठाला जास्त. आधी श्वास सोडून घ्यायचा आणि मग छोटा, चटकन वास घ्यायचा. चार-पाच आंब्यांनंतर नाक बधिर होतं आणि सगळेच सारखे वाटायला लागतात. अशा वेळी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेऊन थोडं थांबायचं. देवासमोर उदबत्ती लागलेली असताना, किंवा शेजारच्या खोलीत बोंबील भाजत असताना हा उद्योग करू नये. हे शेवटचं वाक्य विनोदासाठी नाही, चाळीत संध्याकाळी सातनंतर खरंच दुसरा कुठला वास शिल्लक राहत नाही. म्हणून सोहमची खरी वेळ पहाटेची. पाणी यायच्या आधीची, सगळे झोपलेले.

पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग साधारण असा येतो: "सोहमने आंबा नाकाशी नेला. त्या मोहक सुगंधाने त्याला सारं काही सांगून टाकलं." यात आंबाही नाही आणि मुलगाही नाही. त्याच जागी असं बघा:

"गॅलरीतल्या कठड्यावर त्याने तीन आंबे ओळीने मांडले आणि शंभर आकडे मोजले. पहिल्याला गवताचाच वास. दुसऱ्याला देठाशी नुसता चिकाचा, नाकात टोचणारा. तिसरा उचलताना त्याला वाटलं हाही तसलाच असणार, म्हणून त्याने नाक फार जवळ नेलं नाही. न्यावं लागलंच नाही."

कच्च्या आंब्याला वास नसतो असं नाही, त्याला चिकाचा तिखट वास असतो. वास आहे की नाही यापेक्षा कुठला आहे, हे सोहमला शिकायचं आहे.

तिसरी एक खूण कुणीतरी त्याला सांगेल आणि ती चुकीची आहे: पिकलेला आंबा हाताला जड लागतो. उलट आढीत आंब्यातलं पाणी उडत असतं, तो रोज थोडा हलकाच होतो. ही खूण शेजारच्या काकूंच्या तोंडी द्या आणि सोहमला एक दिवस तिच्यामागे फुकट जाऊ द्या.

दिवसांचा अंदाज हवा असेल तर मुंबईच्या मे महिन्यात, नीट तयार आंब्यांच्या पेटीत, पहिले दोन-तीन आंबे पाचव्या दिवसाच्या आसपास निघतात, मोठा लोंढा सातव्या-आठव्या दिवशी येतो आणि शेवटचे अकराव्यापर्यंत रेंगाळतात. पिकलेला आंबा एथिलीन नावाचा वायू सोडतो आणि त्याने शेजारचे भराभर पिकतात, म्हणून रोज बघून पिकलेले बाहेर काढावे लागतात. हे रोजचं काम घरात कुणाला तरी द्यावंच लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सोहमकडे कसं येतं, हे ठरवा. अंगठ्याचे डाग मोजून झाल्यावर आईच त्याला म्हणेल, "आता रोज तूच काढत जा, बघू." ही शिक्षा की परवानगी, ते तिलाही माहीत नसावं.

कळस बाजारात नेऊ नका

मोह होतो की सोहमने क्रॉफर्ड मार्केटात जाऊन कार्बाइडने पिकवलेले आंबे पकडून द्यावेत. ते करू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, आणि ठरलेल्या मर्यादेत एथिलीन वायू वापरायला परवानगी आहे. पण कुठल्या आंब्यावर काय वापरलं हे नाकाने खात्रीने सांगता येत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. सगळ्या अंगाने एकसारखा पिवळा, पण वास नाही आणि आत आंबट, असा आंबा मिळाला तर तो कोवळा असताना काढून घाईने रंगवलेला असण्याची शक्यता फक्त सांगता येते. मुलाला जादूचं नाक दिलंत की त्याची आधीची सगळी मेहनत खोटी होते.

कळस खाटेखालीच आहे. नवव्या दिवशी बहीण गवतातून एक आंबा काढते. पिवळा झालेला, हाताला मऊ, साल सुरकुतलेली. आई बघून म्हणते, आज हाच कापूया. सोहमला त्याच्या रंगावरून काही कळत नाही, त्यामुळे रंगाने तो फसतही नाही. हाताला आंबा सैल लागतो, पण कातडी सुटल्यासारखा, आतून भरून आल्यासारखा नाही. खांदे उतरते आहेत. देठाशी शंभर आकडे मोजूनही काही येत नाही, चीकही नाही आणि गोडही नाही. मग बोटाला तिरपा मोडलेला देठ लागतो. हा बादलीत तरंगलेला.

कोवळा काढलेला आंबा पाणी उडून सुरकुततो, मऊही पडतो आणि पिवळाही दिसू शकतो, पण त्यात साखर आणि वास भरायच्या आधीच तो झाडावरून तुटलेला असतो. पिकलेल्या हापूसच्या सालीलाही शेवटी बारीक सुरकुती येते, म्हणून सुरकुतीवरून निकाल देता येत नाही. सुरकुती आणि वास दोन्ही असेल तर पिकला, सुरकुती असून वास नसेल तर कोवळा. सोहम एवढंच म्हणतो, "हा नको." आई तरीही कापते. तिला कापू द्या. गर फिका, चोथट, चव पचपचीत आंबट. कुणीही सोहमकडे वळून बघितलं असं लिहू नका, बहिणीने थुंकून टाकलं एवढं पुरे.

आणि साका

यानंतर एक पान उरतं. सोहम स्वतः निवडलेला आंबा आईसमोर ठेवतो. सगळ्या खुणा बरोबर आहेत. खांदे भरलेले, हात सांगतो सैल, देठाला वास दारापर्यंत येतोय. आई कापते आणि कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस वासाचा भाग निघतो.

याला साका म्हणतात. तो हापूसलाच जास्त होतो. बाहेरून त्याची कसलीही खूण नसते, ना रंगात, ना वासात, ना हाताला. आयुष्य आंब्यात घालवलेल्या बागायतदारालाही कापल्याशिवाय साका सांगता येत नाही. गोष्टीत हे वाक्य मामाच्या तोंडी फोनवरून आलं तर चालेल, पण समजूत काढायच्या सुरात नको. मामा आधी विचारेल, "किती निघाले साक्याचे?" कारण त्याला बागेतल्या बाकीच्या पेट्यांची काळजी आहे. सोहम आकडा सांगेल. मग मामा विचारेल, कुठल्या थरातला होता, खालच्या की वरच्या, आणि सोहम फोन कानाला धरूनच खाटेखाली वाकून बघेल.